आधी कर्ता शोध

इंग्रजीतलं ‘रन आउट’, म्हणजे संपणं, शब्दशः अरबीत नेऊ नकोस. ‘वी हॅव रन आउट ऑफ पेपर’मध्ये कर्ता ‘आम्ही’ आहे. अरबीत कागदच कर्ता होतो: ‘नफिदल-वरक लदैना’, म्हणजे आमच्याकडचा कागद संपला. मराठीतही आपण असंच म्हणतो, म्हणून आधी मराठीत वाक्य करून बघ. लिहिताना ‘नफिद’चं शेवटचं अक्षर दालच हवं. वर एक टिंब पडलं की ते धाल होतं आणि अर्थ ‘आरपार गेला’ असा होतो. स्पेलचेक हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. करार संपला असेल तर मात्र ‘इंतहा’.

‘गिव्ह अप’ला ‘इस्तस्लम’ नको, ती शरणागती झाली. योजना सोडली असेल तर ‘तखल्लैना अनिल-खुत्ता’; त्यातलं ‘अन’ विसरू नकोस.