गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च आधी कसा काढायचा?

'आईचं गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलंय. बिल किती येईल, आधी कसं कळेल?'

बिलिंग काउंटरवर पॅकेज लेखी मागा आणि पहिला प्रश्न विचारा: इम्प्लांट, म्हणजे गुडघ्यात बसवायचा कृत्रिम सांधा, यात धरलाय का? खरी गोम तिथेच असते. माझ्या आईच्या वेळी एका हॉस्पिटलने १,५०,००० सांगितले, दुसऱ्याने १,९५,०००. पहिलं स्वस्त वाटलं. पण त्यात इम्प्लांटचे ६८,०००, आधीच्या तपासण्यांचे ९,००० आणि फिजिओथेरपीचे ४,००० वेगळे होते, म्हणजे २,३१,०००. दुसरीकडे फक्त तपासण्या बाहेर होत्या: २,०४,०००.

इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेलही लिहून घ्या. २०१७पासून सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती बांधून दिल्यात, त्यामुळे नाव हातात असलं की दर ताडून पाहता येतो.

मग खोली. सेमी-प्रायव्हेटऐवजी प्रायव्हेट घेतली की बऱ्याच ठिकाणी नुसतं भाडं नाही, सर्जनची आणि ऑपरेशन थिएटरची फीसुद्धा वाढते. पॅकेज किती दिवसांचं आहे आणि मुक्काम लांबला तर रोजचे किती, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. शुगर किंवा बीपी असेल तर हा दिवसाचा दर नक्की विचारा.