डोपामिनचा पंप रेट कसा काढायचा?

प्रश्न: रुग्ण ६० किलो, डोपामिन ५ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट, २०० मिग्रॅ एकूण ५० मिलिमध्ये. सिरिंज पंपावर मिलि/तास किती? माझं उत्तर ०.०७५ येतंय.

४.५ मिलि/तास, तुमचं मिनिटांचं तासांत रूपांतर राहिलंय. ऑर्डर मिनिटाची असते, पंप तासाचा, म्हणून ६० ने गुणावंच लागतं.

- मिनिटाला डोस: ५ × ६० किलो = ३०० मायक्रोग्रॅम
- तासाला: ३०० × ६० = १८,००० मायक्रोग्रॅम
- सिरिंजमध्ये: २०० ÷ ५० = ४ मिग्रॅ/मिलि, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम/मिलि
- रेट: १८,००० ÷ ४,००० = ४.५

एककं शेजारी लिहून काटत जा; शेवटी फक्त मिलि/तास उरलं पाहिजे. मग उलट तपासा: ४.५ × ४,००० ÷ ६० मिनिटं ÷ ६० किलो = ५. इथे वजनही ६० आहे, त्यामुळे एक ६० नकळत गळतो. सरावाला वजन ५२ घ्या, उत्तर ३.९ यायला हवं. मिग्रॅचे मायक्रोग्रॅम करायचे राहिले तर ४,५०० येतं. ते निदान लगेच खटकतं.

मात्र हे एकूण ५० मिलि धरूनच बरोबर आहे. ५ मिलिचा अँप्यूल ५० मिलि सलाईनमध्ये टाकला तर ५५ मिलि होतात आणि त्याच रेटवर डोस सुमारे ९ टक्के कमी जातो. सलाईन ४५ मिलिच घ्या.