शीर की धमनी: बायपासच्या ग्राफ्टचे आयुष्य कशावर ठरते

प्रश्न: "वडील ६१ वर्षांचे, १२ वर्षांपासून शुगर आहे. उजव्या मनगटातून अँजिओग्राफी झाली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांपैकी एलएडीमध्ये ९० टक्के, ओएममध्ये ८५ टक्के आणि आरसीएमध्ये ७० टक्के ब्लॉकेज निघाले. इथे नागपुरातले सर्जन छातीतली एक धमनी आणि पायातल्या शिरेचे दोन ग्राफ्ट लावू म्हणतात. नातेवाईक सांगतात की शिरा दहा वर्षांत बंद पडतात, सगळे ग्राफ्ट धमन्यांचेच करायला सांगा. आम्ही तसा आग्रह धरावा का?"

मी सर्जन नाही. धंतोलीतल्या एका रुग्णालयात परफ्युजनिस्ट म्हणून, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी हार्ट-लंग मशीन सांभाळणारा म्हणून, निवृत्त होईपर्यंत काम केले. त्यामुळे अंतिम निर्णय तुमच्या सर्जनचाच आहे, हे धरून पुढचे वाचावे. माझे मत थोडक्यात असे की सरसकट सगळ्या धमन्यांचा आग्रह धरू नये. मात्र ओएमच्या ग्राफ्टबद्दल, म्हणजे ब्लॉकेजला वळसा घालून तिथे जोडायच्या वाहिनीबद्दल, एक नेमका प्रश्न जरूर विचारावा.

नातेवाइकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये बायपास झालेल्या रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांनंतर शिरेचे १०० पैकी ६१ ग्राफ्ट उघडे होते आणि छातीतल्या धमनीचे ८५. म्हणजे शिरा दहा वर्षांत 'बंद पडतात' असे नसून, दहापैकी साधारण चार बंद पडतात. जे उघडे राहतात त्यांतल्याही अनेकांच्या भिंतीवर तोपर्यंत चरबीचा थर चढलेला असतो, हेही खरे. डावी इंटर्नल मॅमरी धमनी, जिला सगळे 'लिमा' म्हणतात, ती एलएडीला जोडली तर दहा वर्षांनीही नव्वदच्या आसपास ग्राफ्ट चालू असलेले आढळतात. म्हणूनच एलएडीला लिमा या बाबतीत आज जवळपास दुमत नाही, आणि तुमच्या सर्जननी तेच ठरवले आहे. तिन्ही ग्राफ्टमध्ये वडिलांच्या आयुष्यावर सर्वाधिक परिणाम करणारा ग्राफ्ट हाच आहे.

लिमा इतकी का टिकते, हे समजले तर बाकीचे निर्णय आपोआप उलगडतात. ही धमनी छातीच्या हाडामागून खाली उतरते. सर्जन तिचे वरचे टोक मूळ जागीच ठेवतात आणि फक्त खालचे टोक सोडवून हृदयावर शिवतात. ती जन्मापासून धमनीच्या दाबाखाली राहिलेली असते. तिच्या भिंतीतला लवचिक पडदा जवळजवळ अखंड असतो आणि आतला थर नायट्रिक ऑक्साइड भरपूर तयार करतो, त्यामुळे तिच्यात चरबीचा थर क्वचितच साचतो. पायातली शीर मात्र अगदी कमी दाबाला सरावलेली असते. तिला काढायचे, आतल्या झडपांमुळे उलटी फिरवायची, महाधमनीला जोडायची आणि अचानक १२० च्या दाबाखाली ठेवायची, असा हा प्रकार आहे. पहिल्या महिन्यात ती बंद पडली तर कारण बहुधा गुठळी असते: काढताना आतला थर दुखावलेला असतो, शिवण अरुंद झालेली असते किंवा शीर पिळली गेलेली असते. पहिल्या वर्षभरात दाब सहन करण्यासाठी तिचा आतला थर जाड होत जातो. वर्षानंतर त्याच जाड थरावर चरबी साचू लागते. पहिल्या वर्षातच शिरेचे १०० पैकी १० ते २० ग्राफ्ट बंद पडतात, आणि त्यातले बरेचसे रुग्णाला काहीही न जाणवता.

ही आकडेवारी सरासरीची आहे, आणि सरासरीने इथे दिशाभूल होते. त्याच अभ्यासात शीर ज्या रक्तवाहिनीला जोडली ती दोन मिलिमीटरहून रुंद असेल, तर दहा वर्षांनी ८८ टक्के ग्राफ्ट उघडे होते. दोन मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद असेल, तर ५५ टक्के. एकाच प्रकारच्या शिरेच्या बाबतीत एवढी तफावत दिसते, म्हणजे पुढे रक्त वाहून जायला किती जागा आहे यावर शिरेचे आयुष्य फार अवलंबून असते. मधुमेहात रक्तवाहिन्या पुढे बारीक आणि ठिकठिकाणी रोगट असतात. म्हणून अँजिओग्राफीची सीडी पाहताना ब्लॉकेजच्या टक्क्यांइतकेच त्याच्या पुढच्या भागाबद्दल विचारावे. 'ओएम आणि आरसीए ब्लॉकेजच्या पुढे किती रुंद आहेत, भिंती कशा आहेत' असा साधा प्रश्न पुरेसा आहे.

आता तो मुद्दा, जो नातेवाइकांच्या सल्ल्यात बहुतेक वेळा सुटतो. धमनी चांगली असली तरी ती कुठेही लावून चालत नाही. मूळ रक्तवाहिनीतले ब्लॉकेज मध्यम असेल, तर तिच्यातून अजून पुष्कळ रक्त पुढे जात असते. मग ग्राफ्टमधून येणाऱ्या रक्ताला पुढे वाट मिळत नाही आणि दोन प्रवाहांची स्पर्धा होते. शीर हे बऱ्यापैकी सोसते. धमनी मात्र जिवंत स्नायूंची नळी आहे. रक्त कमी वाहिले की ती आकसत जाते आणि काही महिन्यांनी अँजिओग्राफीत दोऱ्यासारखी बारीक दिसते. मनगटातली रेडियल धमनी यात सर्वात हळवी, कारण तिच्या भिंतीत स्नायू जास्त असतात. त्यामुळे रेडियल धमनी डाव्या बाजूच्या वाहिनीला लावायची तर ब्लॉकेज ७० टक्क्यांहून अधिक असावे आणि उजव्या बाजूच्या आरसीएला लावायची तर ९० टक्क्यांच्या वर असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. वडिलांच्या आरसीएत ७० टक्के आहे. तिथे शीर लावणे हा हलगर्जीपणा नाही; तो विचार करून घेतलेला निर्णय असण्याची शक्यता जास्त आहे.

ओएमची गोष्ट वेगळी आहे. ती डाव्या बाजूची आहे आणि ८५ टक्के अडलेली आहे, म्हणजे रेडियलची अट पूर्ण होते. २०१८ साली सहा यादृच्छिक चाचण्यांतील १,०३६ रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. साधारण पाच वर्षांच्या पाठपुराव्यात रेडियलचे ८.१ टक्के ग्राफ्ट बंद आढळले आणि शिरेचे १९.९ टक्के. फरक मोठा आहे. म्हणून सर्जनना विचारावे: 'ओएमसाठी डाव्या हाताची रेडियल वापरता येईल का, आणि नसेल तर कारण काय?' उजव्या हाताची चालणार नाही, कारण अँजिओग्राफीच्या नळीने तिचा आतला थर दुखावलेला असतो. डावी घेण्याआधी हाताला दुसऱ्या धमनीतून पुरेसे रक्त मिळते का, हे अ‍ॅलन चाचणीने किंवा डॉपलरने तपासतात. मधुमेहात या धमनीच्या भिंतीत कधी कधी कॅल्शियम जमलेले असते. तसे दिसले तर ती नाकारतात. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर पुढे डायलिसिसची वेळ आल्यास त्याच हातात फिस्टुला करावा लागेल, म्हणून ती राखून ठेवतात. यांपैकी एखादे कारण मिळाले, तर शीर लावण्याला तुमचीही संमती असावी. 'आम्ही रेडियल करत नाही' एवढेच उत्तर मिळाले, तर रामदासपेठेत दुसरे मत घ्यायला दोन दिवस लागतील, ते घ्यावे. मात्र वडिलांना बसल्या जागी छातीत दुखत असेल तर तेवढाही उशीर नको.

दोन्ही मॅमरी वापरा असेही कुणीतरी सुचवेल. छातीच्या मधल्या हाडाला रक्त याच दोन धमन्यांतून मिळते. दोन्ही काढल्या तर मधुमेही रुग्णात ते हाड भरून न येण्याचा आणि खोलवर जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, विशेषतः एचबीएवनसी जास्त असेल, वजन जास्त असेल किंवा फुप्फुसे खराब असतील तर. ३,१०२ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत दहा वर्षांनी एक मॅमरी आणि दोन मॅमरी या गटांमध्ये मृत्यूच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. त्या चाचणीत दोन मॅमरी ठरवलेल्या बऱ्याच रुग्णांना प्रत्यक्षात एकच लावली गेली, म्हणून वाद संपलेला नाही. तरी वडिलांच्या परिस्थितीत मी हा आग्रह धरला नसता.

शीर लावायचीच ठरली, तर तिचे आयुष्य पुष्कळसे ऑपरेशन थिएटरमध्येच ठरते. शीर ओढून किंवा जास्त दाबाने खारे पाणी भरून फुगवली की आतला थर फाटतो. जुने सर्जन शीर काढणाऱ्या सहायकावर एवढे का खेकसतात, ते मला मशीनमागे उभे राहून हळूहळू कळले. शिवण पूर्ण झाल्यावर अनेक ठिकाणी ग्राफ्टवर एक छोटा फ्लो प्रोब लावून रक्त मोजतात. मिनिटाला २० मिलिलिटरहून कमी प्रवाह आणि प्रवाहाला पुढे किती अडथळा आहे हे सुचवणारा पल्सॅटिलिटी इंडेक्स पाचच्या वर दिसला, तर शिवणीत काहीतरी अडते आहे असे समजून ती तिथेच पुन्हा तपासता येते. असे मोजमाप होते का, हे विचारायला संकोच नको.

शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव नसेल तर सहा तासांच्या आत अ‍ॅस्पिरिन सुरू करतात आणि ते आयुष्यभर चालते. स्टॅटिनचेही तसेच, एलडीएल ७० च्या खाली ठेवायचे, आणि अनेक हृदयरोगतज्ज्ञ आता ५५ चा आग्रह धरतात. पहिल्या वर्षानंतर शिरेत जी चरबी साचते तिच्याविरुद्ध हेच औषध काम करते, म्हणून 'आता बायपास झाली, कोलेस्टेरॉलची गोळी कशाला' हे आपल्याकडचे वाक्य महागात पडते. रेडियल लावली असेल तर ती आकसू नये म्हणून डिल्टियाझेम किंवा अम्लोडिपिनसारखी गोळीही बहुधा देतात. धूम्रपान शिरेच्या ग्राफ्टचा मोठा शत्रू आहे. वडील विडी-सिगारेट ओढत नसतील, पण खर्रा खात असतील, तर तेही सर्जनना स्पष्ट सांगावे. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते आणि आपल्या भागात 'तंबाखू खाता का' या प्रश्नावर खर्रा मोजलाच जात नाही.

पुढे कधी चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, किंवा पूर्वी न लागणारा दम जाणवला, तर ग्राफ्टचा विचार करावा. मधुमेहात दुखण्याऐवजी नुसता दम किंवा थकवा हेच लक्षण असू शकते. अशा वेळी सीटी अँजिओग्राफीत ग्राफ्ट उघडा आहे की नाही हे बहुतेकदा स्पष्ट दिसते. जुन्या शिरेत स्टेंट घालताना आतला भुसभुशीत गाळ सुटून पुढच्या बारीक वाहिन्या बुजू शकतात, म्हणून शक्य असेल तेव्हा मूळ वाहिनीतच स्टेंट घालणे पसंत केले जाते. त्यासाठी पुढच्या डॉक्टरला कोणता ग्राफ्ट कुठून निघून कुठे जोडला आहे, हे माहीत असावे लागते. डिस्चार्ज कार्डवर बहुतेक वेळा केवळ 'सीएबीजी गुणिले ३' एवढेच लिहिलेले असते, तेव्हा सुटी होण्याआधीच ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्यावी आणि अँजिओग्राफीच्या सीडीसोबत एकाच फाइलमध्ये ठेवावी.