पैशांचा विषय काढला की तो दुसरंच बोलतो

प्रश्न: आमचं दोन वर्षांपासून ठरलंय. चॅटवर पैशांचं किंवा लग्नाच्या तारखेचं विचारलं की तो पटकन वेगळाच विषय काढतो. हे मुद्दाम आहे, की माझ्याच मनाचे खेळ?

उत्तर: माझंही असंच एकदा लग्न ठरलं होतं. मला हे ओळखायला आठ महिने लागले, कारण तो कधीच गप्प बसायचा नाही. मेसेज वाचून तसाच सोडून देणारा माणूस लगेच लक्षात येतो. माझ्याकडे मात्र दोन मिनिटांत उत्तर यायचं, फक्त ते माझ्या प्रश्नाचं नसायचं.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, तो पुण्यात नोकरीला होता. बैठक झाली होती, पण साखरपुड्याची तारीख ठरत नव्हती. खोलीच्या डिपॉझिटसाठी त्याने माझ्याकडून ३५ हजार घेतले होते. एकदा पावसाळ्यात मी त्याबद्दल विचारलं तर त्याने लिहिलं, "आयर्विनला पाणी किती आलंय गं?" आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथेच मोजतात. आता सांगलीतल्या माणसाला हे विचारलं की संपलंच. ४० फुटांची इशारा पातळी, कोण घर हलवतंय, मी अर्धा तास तेच लिहीत बसले. त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही, काळजीचाच विषय होता. पण पाणी उतरल्यावरही माझा प्रश्न तिथेच पडून राहिला.

शेवटी एका रविवारी मी चॅटच्या सर्चमध्ये 'पैसे' आणि 'तारीख' हे शब्द टाकले. आपण इंग्रजी अक्षरांतही मराठी लिहितो, म्हणून paise आणि tarikh असंही शोधलं. प्रत्येक ठिकाणी पुढचे दहाएक मेसेज वाचले, नंतरचे तीन दिवसही पाहिले. वहीत तीन रकाने केले: मी काय विचारलं, त्यावर काय आलं, आणि नंतर त्याने स्वतःहून तो विषय काढला का. पाच महिन्यांत मी १४ वेळा विचारलं होतं. तिसरा रकाना पूर्ण कोरा राहिला.

तुम्हीही तो तिसरा रकानाच बघा. विषय बदलणारी सगळीच माणसं लपवत नसतात. साताऱ्याच्या माझ्या मामेबहिणीचा नवराही लग्नाआधी पैशांचं निघालं की क्रिकेटवर जायचा. पण आठवड्याभरात त्यानेच पासबुकाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "त्या दिवशी सांगायला लाज वाटली." तो विषयाकडे परत आला.

चॅट वाचताना माझीही एक सवय दिसली. मी लिहायचे, "जेवलास का? आणि त्या पैशांचं काय झालं?" तो जेवणाचं सांगायचा. अवघड प्रश्नाला सोपा प्रश्न जोडून पळवाट मीच ठेवत होते. उलट प्रश्न आला की त्याहून गडबड व्हायची. "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?" असं त्याने विचारलं की पुढचे वीस मेसेज मी त्याची समजूत काढत असायचे आणि रक्कम बाजूला राहायची.

मग मी एकच प्रश्न पाठवला, आकडा आणि तारीख देऊनच उत्तर द्यावं लागेल असा: "३५ हजारांपैकी या महिन्यात किती देशील, आणि कोणत्या तारखेला?" उत्तर आलं, "आज फार दमलोय. आई कशा आहेत?" मी लिहिलं, "आई बऱ्या आहेत. वरचं उद्या सांगितलंस तरी चालेल." चार दिवस तो बाकी सगळं बोलला, तेवढं सोडून.

पाचव्या दिवशी मी फोन केला. पैशांचं अवघड बोलणं चॅटवर होतच नाही, चॅटवर फक्त टाळाटाळ दिसते. फोनवर बऱ्याच वेळाने तो रडवेला होऊन म्हणाला, की घरच्या धंद्यासाठी कर्ज त्याच्या नावावर काढलंय आणि तीन हप्ते थकलेत. तारीख ठरली की खर्चाची बोलणी निघतील, म्हणून तो तारीखही टाळत होता. माझ्या वडिलांना नुसतं कर्ज खटकलं नसतं, त्यांनी स्वतः शेतीसाठी काढलेलं आहे. आठ महिने लपवलं, हे मात्र त्यांना पटलं नाही आणि मलाही नाही. ते लग्न झालं नाही. माझे पैसे त्याच्या थोरल्या भावाने तीन वेळा करून परत दिले.

तुम्ही असा एकच प्रश्न पाठवा आणि त्याच्या आधी किंवा नंतर काहीही जोडू नका. चार-पाच दिवस थांबा, मग समोर बसून विचारा. खरंच सांगायला तयार असेल तर दोघांनी आपापला सिबिल रिपोर्ट एकमेकांना दाखवा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. बँकेची कर्जं आणि थकलेले हप्ते त्यात कळतात, हातउसने पैसे किंवा भिशीची देणी मात्र दिसत नाहीत, ती तोंडीच विचारावी लागतात. तोपर्यंत नवी रक्कम देऊ नका. कुठल्या कर्जाला जामीनदार म्हणून सही मागितली तर तीही करू नका, कारण हप्ते थकले की वसुलीसाठी बँक थेट तुमच्याकडेही येऊ शकते.