दीड पानाचा रिपोर्ट आणि नवव्या क्रमांकावरचा अडथळा

प्रश्न: दर शुक्रवारी मॅनेजरला आठवड्याचा स्टेटस रिपोर्ट पाठवते. सगळं व्यवस्थित लिहिते, दीड पान होतं. तरी सोमवारी ते विचारतात, "काही अडलंय का?" अहो, लिहिलेलं असतं की! नक्की कसं लिहायचं?

उत्तर:

लिहिलेलं असतं हे मान्य, पण कितव्या ओळीत?

मी आधी सहा वर्षं असे रिपोर्ट पाठवले आणि आता सात जणांचे रिपोर्ट वाचतो, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो. शुक्रवारी संध्याकाळी एकापाठोपाठ सात मेल येतात. मी ते बहुतेक वेळा मोबाइलवरच उघडतो, दोन मीटिंगांच्या मधे. स्क्रीनवर दिसतं तेवढं नीट वाचतो, मग बोट फिरवत खाली जातो. खालचं वाचतच नाही असं नाही, पण ते नुसतं नजरेखालून जातं. तुमच्या मॅनेजरांचंही असंच होत असणार. ते सोमवारी विचारतात, कारण त्यांच्या लक्षात राहील अशा जागी ते तुम्ही लिहिलेलं नसतं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पेमेंटच्या कामावर होतो, आणि टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेस मिळत नव्हता. रिपोर्टमध्ये नवव्या क्रमांकावर मी हे लिहिलं होतं:

• पेमेंट मॉड्यूलच्या इंटिग्रेशनचं काम चालू असून बहुतांश भाग पूर्ण झाला आहे, टेस्ट सर्व्हरच्या ॲक्सेससंदर्भात संबंधित टीमसोबत फॉलो-अप चालू आहे.

पुढच्या शुक्रवारी तीच ओळ, फक्त "फॉलो-अप"च्या आधी "सातत्याने" घातलं. तिसऱ्या आठवड्यात रिलीजची तारीख हुकली आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "मी दोनदा कळवलं होतं." मॅनेजरांनी तो मेल माझ्यासमोर उघडला, ती ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, "यात मी काय करायचं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या ओळीत काम थांबलंय असं कुठेच नव्हतं. उलट "चालू" हा शब्द दोनदा होता.

तर पहिला बदल जागेचा. मेलमध्ये नमस्कारानंतर लगेच "अडलेलं" हा मथळा, त्याखाली जे अडलंय ते. त्यानंतर "अडू शकतं", मग "झालेलं", मग "पुढच्या आठवड्यात". झालेल्या कामाने सुरुवात करायचा मोह होतो, मलाही व्हायचा. आठवडाभर राबलो ते आधी दिसावं असं वाटतं. पण झालेल्या कामावर मॅनेजरला काही करायचं नसतं. अडलेल्यावर करायचं असतं, आणि तेही तारीख उलटायच्या आत.

दुसरा बदल त्या मुद्द्याच्या आतला, आणि खरी मेहनत इथेच आहे. अडलेल्या मुद्द्यात चार गोष्टी लागतात: कोणतं काम थांबलंय, कधीपासून, कोणाकडे अडलंय, आणि मॅनेजरकडून काय हवंय, तेही कोणत्या दिवसापर्यंत. माझी तीच ओळ आज मी अशी लिहीन. समजा आज शुक्रवार, १३ तारीख:

• पेमेंटचं टेस्टिंग ९ तारखेपासून बंद. टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेस नाही, विनंती नेटवर्क टीमकडे.
तुमच्याकडून: त्यांच्या लीडशी बोलून मंगळवार, १७ पर्यंत ॲक्सेस. नाही मिळाला तर २४ चं रिलीज पुढे जाईल.

आधीच्या ओळीपेक्षा शब्द थोडे जास्तच आहेत, पण वाचायला वेळ कमी लागतो, कारण प्रत्येक तुकडा कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर आहे. "बहुतांश", "संबंधित", "संदर्भात", "सातत्याने" हे सगळं गेलं, आणि कोणाचं काही अडलं नाही.

त्यातला मंगळवार कुठून आला ते बघा, कारण बरेच जण इथे "लवकरात लवकर" लिहून मोकळे होतात. टेस्टिंगला चार कामाचे दिवस लागतात. रिलीज मंगळवारी, २४ ला. उलटं मोजत या: २३, मग शनिवार-रविवार सोडून २०, १९, १८. म्हणजे १८ ला सकाळी बसायचं तर ॲक्सेस १७ ला हातात हवा. तारीख अशी मोजून आली की मॅनेजर ती पुढे सांगू शकतात. "लवकरात लवकर" घेऊन दुसऱ्या टीमच्या लीडकडे गेलं तर तो म्हणणार, बघतो. "१७ नंतर एकेक दिवस रिलीज सरकेल" असं म्हटलं की त्याला कॅलेंडर उघडावं लागतं.

"अडलेलं" या मथळ्याखाली काय घालायचं नाही, हेही महत्त्वाचं आहे. माझ्या टीममधल्या एकाने एकदा सात अडथळे लिहून पाठवले. एकेक करून विचारलं तेव्हा कळलं, दोन कामं नुसती अवघड होती, तीन ठिकाणी त्याने समोरच्या टीमला अजून विचारलंच नव्हतं, आणि एक पुढच्या महिन्याची भीती होती. खरं अडलेलं एकच, आणि ते पाचव्या क्रमांकावर! मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. सोमवारी सकाळी या कामावर बसलो तर पुढे सरकता येईल का? आणि नसेल, तर ते सोडवण्यासाठी माझ्या हातात असलेलं सगळं करून झालंय का? दोन्हींचं उत्तर "नाही, आणि हो" असेल तरच ते अडलेलं. काम हळू चाललं असेल तर ते "अडलेलं" नव्हे. विनंतीच केली नसेल तर आधी ती करा. पुढे त्रास होईलसं वाटतंय ते "अडू शकतं"खाली जाईल, एका ओळीत. त्याच्यासमोर साधारण कधी अडेल ते लिहा, बस.

एक चूक फार उशिरा कळते. दर आठवड्याला आपण तोच अडथळा नव्या शब्दांत लिहितो, कारण तेच ते लिहायला बरं वाटत नाही. तसं करू नका. ओळ तीच ठेवा, "९ तारखेपासून" हेही तसंच ठेवा, फक्त पुढे "दुसरा आठवडा" जोडा. शब्द बदलले की वाचणाऱ्याला ते नवीन प्रकरण वाटतं आणि जुनी तारीख विसरली जाते. सुटल्यावर एक आठवडा "सुटलं" म्हणून एका ओळीत दाखवा आणि मग काढून टाका. मॅनेजरने कोणाला तरी फोन केलेला असतो, त्याचं काय झालं ते त्यालाही कळायला हवं.

नावं घालायची का? मी टीमचं नाव आणि तिकीट नंबर घालतो, माणसाचं नाव टाळतो. तुमचा मेल जसाच्या तसा पुढे पाठवला जाऊ शकतो, आणि "अमुक उत्तरच देत नाहीत" हे वाक्य त्या अमुकांनी वाचलं की ॲक्सेस आणखी आठवडाभर लांबतो. "९ ला विनंती, ११ ला आठवण, उत्तर नाही" एवढं लिहा. त्यात आरोप नाही, आणि समजायचं ते समजतं.

आता छोट्या मुद्द्यांबद्दल. छोटं म्हणजे तुटक नव्हे. "ॲक्सेस पेंडिंग" हा मुद्दा छोटा आहे पण निरुपयोगी. कोणता ॲक्सेस, कोणाकडे, किती दिवस, हे विचारायला मॅनेजरना परत तुमच्याकडे यावंच लागणार. माझं माप साधं आहे: मेल पाठवण्याआधी स्वतःलाच पाठवून फोनवर उघडायचा. एक मुद्दा तीन ओळींच्या पुढे गेला तर त्यात बहुधा दोन मुद्दे आहेत, किंवा "हे कसं केलं" याची कथा आहे. ती कथा तिकिटावर लिहा. "झालेलं"मध्ये तर एक ओळ पुरते, आणि तिथे शेवट झालेल्या क्रियापदाने करा: "रिफंडची स्क्रीन तपासून झाली." "रिफंडच्या स्क्रीनवर काम केलं" यातून ती झाली की नाही हे कळत नाही. टक्क्यांचंही तसंच. "नव्वद टक्के झालं" हे मी एकाच कामाबद्दल सलग चार आठवडे वाचलेलं आहे. त्यापेक्षा "पाचपैकी चार स्क्रीन झाल्या, रिफंड राहिली" असं लिहा.

काही अडलं नसेल त्या आठवड्यात मथळा गाळू नका. "अडलेलं: काही नाही" असं लिहा. मथळाच नसला तर वाचणाऱ्याला कळत नाही की काही नव्हतं की लिहायचं राहिलं, आणि मग तोच सोमवारचा प्रश्न येतो. पण "काही नाही" हे फार सुंदर दिसतं म्हणून खरं अडलेलं लपवूही नका. ते पुढच्या शुक्रवारी जुन्या तारखेसकट बाहेर येतं.

आणि हो, सोमवारी अडलं तर शुक्रवारची वाट बघू नका. ज्या दिवशी काम थांबलं त्याच दिवशी दोन ओळींचा मेसेज टाका. रिपोर्टमध्ये ते नोंद म्हणून येईल. शुक्रवारच्या मेलमध्ये "सोमवारपासून बंद" हे मॅनेजर पहिल्यांदाच वाचत असतील, तर त्यांचा पहिला प्रश्न सर्व्हरबद्दल नसेल, मधल्या चार दिवसांबद्दल असेल.

काही ठिकाणी कंपनीचा ठरलेला नमुना असतो आणि त्यात "या आठवड्यातील कामगिरी" पहिली, अडचणी सगळ्यात शेवटी. मी अशा नमुन्याशी भांडलो नाही. फाइल जशी हवी तशी भरायचो, आणि तिच्यासोबतच्या मेलमध्ये अडलेले दोन मुद्दे वर लिहायचो. विषयाच्या ओळीतही: "स्टेटस, १३ तारीख: १ अडलेलं, १७ पर्यंत मदत हवी". दोन-तीन आठवड्यांनी मॅनेजर फाइल उघडायच्या आधीच त्या लीडला फोन लावून मोकळे झालेले असायचे.