पहिली दुर्बीण: ८×४२ का, आणि घेण्यापूर्वी ती कशी तपासावी

प्रश्न: पक्षीनिरीक्षण नुकतेच सुरू केले आहे. ८×, १०×, १२×, झूम असे बरेच प्रकार दिसतात. फार खर्च न करता कोणती दुर्बीण घ्यावी? आणि पक्ष्यांचे पुस्तक कसे निवडावे?

८×४२ ची, झूम नसलेली दुर्बीण घ्यावी. वजनाची अडचण असेल तर ८×३२ चालेल.

यातील पहिला आकडा म्हणजे वर्धन आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर असते, तर खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये फक्त अडीच. भर उन्हात आपली बाहुली स्वतःच दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकुंचन पावलेली असते, त्यामुळे दुपारी या दोन दुर्बिणींत फरक जाणवत नाही. पहाटे किंवा दाट झाडीखाली बाहुली मोठी होते आणि तेव्हा लहान दुर्बिणीतले चित्र मंद दिसू लागते. पक्षी सर्वांत जास्त हालचाल करतात ती नेमकी हीच वेळ असते.

जास्त वर्धनाचा मोह मलाही झाला होता. माझी पहिली दुर्बीण झूमची होती. एका सकाळी वीस मीटरवरच्या झाडात पिवळसर रंगाचा एक छोटा पक्षी पानाआड उड्या मारत होता, आणि मी दुर्बीण रोखून त्याला शोधेपर्यंत तो प्रत्येक वेळी दुसऱ्या फांदीवर गेलेला असे. याचे कारण हिशेबात आहे. एक किलोमीटरवर सुमारे १४० मीटर रुंदीचे दृश्य दाखवणारी आठपट दुर्बीण वीस मीटरवर पावणेतीन मीटरांहून थोडी जास्त रुंदी दाखवते. एक किलोमीटरवर ९५ मीटर दाखवणारी बारापट दुर्बीण तेथे जेमतेम १.९ मीटर दाखवते, म्हणजे क्षेत्रफळाने निम्म्याहूनही कमी. शिवाय हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो, आणि डोळ्याभोवतीची फिकट रेघ किंवा पंखावरचा पट्टा या कंपात हरवून जातो. पुढे एका मित्राच्या ८×४२ मधून त्याच झाडावर तसाच पक्षी पाहिला, तेव्हा भुवईची रेघ पहिल्याच नजरेत दिसली. आकार लहान होता, पण चित्र स्थिर होते.

किंमत कमी ठेवायची असेल तर पोरो प्रिझमची, म्हणजे पुढची भिंगे एकमेकांपासून लांब असलेली जुन्या घडणीची दुर्बीण पाहावी. सरळ नळीच्या रूफ प्रिझमच्या दुर्बिणीत चित्र स्वच्छ राहण्यासाठी प्रिझमवर एक विशेष लेप द्यावा लागतो आणि घडण फार काटेकोर लागते, म्हणून स्वस्तात पोरोचे चित्र बहुधा सरस ठरते. ती जाड असते आणि पाण्यापासून तितकी सुरक्षित नसते, एवढी तडजोड करावी लागते. लालभडक चमकणाऱ्या भिंगांची आणि फोकस करण्याची सोयच नसलेली दुर्बीण मात्र घेऊ नये.

हातात घेतल्यावर आधी ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यावी, कारण हे न केल्याने चांगली दुर्बीणही धूसर वाटते. उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करावे, मग डावे झाकून चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरील वेगळ्या कड्याने उजव्या डोळ्याला स्पष्ट करावे. यानंतर लांबच्या छपराची आडवी कड पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दहा-पंधरा सेंटीमीटर मागे न्यावी. दोन्ही वर्तुळांतली कड एकाच पातळीवर राहिली पाहिजे. एक वर आणि एक खाली दिसली तर दोन्ही नळ्या समांतर नाहीत, आणि अशी दुर्बीण अर्ध्या तासात डोके दुखवते. ती किती स्वस्त आहे याचा विचारही करू नये. चष्मा असेल तर रबरी कडा खाली करून चष्म्यासहच पाहावे. कडेने काळी वलये दिसून दृश्य आक्रसले, तर त्या नेत्रिका तुमच्यासाठी नाहीत.

पुस्तक एकच घ्यावे, पण तुमच्याच प्रदेशापुरते मर्यादित असलेले. फक्त तुमच्याकडे आढळणाऱ्या जातींतून शोधणे नवख्याला झेपते. मोठ्या भूभागाच्या पुस्तकात एकसारखे दिसणारे पण तुमच्याकडे कधीच न येणारे पक्षी गोंधळ वाढवतात. मी छायाचित्रांपेक्षा रंगचित्रांचे पुस्तक सुचवेन. छायाचित्रात त्या क्षणीचा उजेड आणि एका पक्ष्याची एकच मुद्रा येते, तर चित्रकार नर, मादी आणि पिल्लू एकाच पद्धतीने शेजारी काढून फरक दाखवतो. चित्र, वर्णन आणि नकाशा समोरासमोरच्या पानांवर असतील असे पाहावे. पक्षी समोर असताना पुस्तक उघडू नये. तो नजरेआड होईपर्यंत दुर्बिणीतून चोच, भुवई, पंखावरचे पट्टे आणि शेपटीची हालचाल या क्रमाने पाहून घ्यावे आणि मग पाने उलटावीत.