दाणा कधी पडतो: पॅन-फ्लोअर की फार्मा?

प्रश्न: मी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे सिरप आटवून साखरेचा दाणा पाडायच्या भांड्यावर आहेत. ते म्हणतात, दाणा पाडणं पुस्तकातून येत नाही. आम्हाला न्यूक्लिएशन शिकवलं, क्रिटिकल रेडियसचा आलेख पाठही झाला, पण त्याचा बाबांच्या कामाशी संबंध लावता येत नाही. शुगर टेक्नॉलॉजी करू, की एम.एस्सी. करून औषध कंपनीत जाऊ? हा विषय पुढे कुठे लागेल?

उत्तर: बाबा जे नजरेने करतात त्यामागे तुझा तोच पाठ केलेला आलेख आहे. आधी तो संबंध लावून घेऊ, म्हणजे निवड करणं सोपं जाईल.

60 अंश सेल्सिअसला एक किलो पाण्यात साधारण 2.9 किलो शुद्ध साखर विरघळते, म्हणजे ब्रिक्स, द्रावणातलं साखरेचं वजनी टक्के प्रमाण, सुमारे 74. पॅनमध्ये निर्वात असल्यामुळे पाणी कमी तापमानाला उडतं, आणि साखरेचं प्रमाण या मर्यादेच्या वर जातं. संपृक्ततेच्या 1.1 पट झालं की ब्रिक्स सुमारे 76, 1.2 पटीला साडेसत्त्याहत्तर, 1.3 पटीला जेमतेम 79. या पटीलाच आपण अतिसंपृक्तता, S, म्हणतो. द्रावण संपृक्ततेच्या वर गेलं तरी दाणा लगेच का दिसत नाही, हा खरा प्रश्न आहे.

साखरेचे काही रेणू योगायोगाने एकत्र येऊन छोटा गोळा होतो. आतल्या रेणूंची ऊर्जा द्रावणातल्यापेक्षा कमी असते, हा फायदा त्रिज्येच्या घनाने वाढतो. बाहेरचा पृष्ठभाग तयार करायला मात्र ऊर्जा मोजावी लागते, आणि हा खर्च त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. गोळा लहान असतो तोवर खर्च भारी पडतो आणि तो पुन्हा विरघळतो. एका ठरावीक त्रिज्येच्या पुढे गेला की वाढत जाण्यातच ऊर्जा कमी होते. ही क्रिटिकल त्रिज्या:

r* = 2γv / (kT ln S)

γ म्हणजे स्फटिक आणि द्रावण यांच्यातली पृष्ठऊर्जा, v म्हणजे एका रेणूचं आकारमान, k बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि T केल्व्हिनमधलं तापमान. साखरेसाठी v सुमारे 0.36 घन नॅनोमीटर येतं (रेणुभार 342, घनता 1.59). γ नेमकी मोजणं अवघड असतं, म्हणून हिशोबासाठी 5 मिलिजूल प्रति चौरस मीटर धरू. मग 60 अंशाला S = 1.1 असताना r* सुमारे 8 नॅनोमीटर येते, म्हणजे सहा हजारांवर रेणू एका वेळी जमायला हवेत. S = 1.3 ला तीच त्रिज्या 3 नॅनोमीटर, रेणू तीनशेच्या आसपास. ऊर्जेचा अडथळा (4/3)πγr*² इतका असतो. तो पहिल्या वेळी सुमारे 300 kT आणि दुसऱ्या वेळी 40 kT. दाणे पडण्याचा वेग या अडथळ्याच्या ऋण घातांकावर, म्हणजे exp(−ΔG*/kT) वर अवलंबून असतो. म्हणून 1.1 ला शुद्ध द्रावणात कितीही वाट पाहिली तरी काही होणार नाही, आणि 1.3 च्या पुढे एकदम पाऊस पडल्यासारखे दाणे येतात. मधला टप्पा अगदी अरुंद आहे: 1.2 ते 1.3 म्हणजे दीड ब्रिक्ससुद्धा नाही. बाबांची नजर याच दीड ब्रिक्सवर असते.

हे आकडे दिशा दाखवण्यापुरतेच घे. सूत्रात खरं तर सक्रियतांचं गुणोत्तर हवं. कारखान्यातली पट तशी मोजत नाहीत. शिवाय सिरपमध्ये मेण, डिंक, बारीक भुशाचे कण असतात. परक्या पृष्ठभागावर गोळ्याला कमी नवा पृष्ठभाग लागतो, अडथळा उतरतो आणि दाणा हिशोबापेक्षा आधी पडतो.

आता पॅनकडे ये. पूर्वी सिरप आटवत नेऊन दाणा आपोआप पडायची वाट पाहत. तो पडला की लगेच S खाली आणावी लागे, आणि दाण्यांची संख्या प्रत्येक वेळी वेगळी यायची. आता बॉल मिलमध्ये अल्कोहोलात दळलेल्या साखरेची स्लरी देतात. अल्कोहोलात साखर जवळजवळ विरघळत नाही, म्हणून कण टिकतात. हे कण पाच-दहा मायक्रॉनचे, म्हणजे r* च्या हजारपटीच्या आसपास. त्यांना अडथळा ओलांडायचाच नसतो. म्हणून S 1.1 ते 1.2 च्या दरम्यान असतानाच ते द्यायचे. तिथे नवा दाणा जन्मत नाही, पण दिलेला वाढतो. संपृक्ततेखाली दिले तर ते विरघळून जातात आणि स्लरी वाया जाते.

स्लरी किती द्यायची तेही काढता येतं. 10 मायक्रॉनचा कण 200 मायक्रॉनपर्यंत वाढवायचा तर व्यास 20 पट, वजन 8000 पट. ग्रेनच्या, म्हणजे सुरुवातीचा दाणा तयार करायच्या पॅनमध्ये 8 टन स्फटिक हवे असतील तर हिशोबाने 1 किलो दळलेली साखर पुरते. काही कण विरघळतात, काही एकमेकांना चिकटतात, म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त लागते.

बिघडतं कुठे? समज, S = 1.2 वर छान चाललंय आणि व्हॅक्यूम अचानक वाढून तापमान 60 वरून 55 वर आलं. विद्राव्यता कमी झाली, पाणी तेवढंच राहिलं, तरी S सुमारे 1.26 वर जाते. पॅनमध्ये आधीच स्फटिक असल्यामुळे त्यांच्या घासण्या-आदळण्यातून इतक्या S ला नवे बारीक दाणे सुटतात, आणि त्यासाठी पूर्ण अडथळा ओलांडावा लागत नाही. हा फॉल्स ग्रेन. काचेच्या पट्टीवर मासेक्विट, म्हणजे पॅनमधलं दाणे आणि मळीचं मिश्रण पसरून उजेडात धरलं की मोठ्या दाण्यांमध्ये धुरकट दिसतं. सेंट्रिफ्यूगलमध्ये हे बारीक दाणे जाळीतून मळीबरोबर निघून जातात किंवा जाळीवरचा थर घट्ट करतात, मळी नीट सुटत नाही. त्यावर उपाय म्हणून पॅनमध्येच गरम पाणी देऊन बारीक दाणा विरघळवतात, पण तेच पाणी पुन्हा आटवायला वाफ आणि वेळ जातो.

आता निवडीबद्दल. एम.एस्सी. करून औषध कंपनीत गेलीस तर हाच आलेख तुझ्यापुढे येईल, फक्त पॅनऐवजी रिअ‍ॅक्टर असेल आणि बहुतेक वेळा वाफेऐवजी थंडावा. तिथे आणखी एक पेच असतो: एकाच रेणूचे वेगवेगळ्या रचनेचे स्फटिक. एचआयव्हीवरच्या रिटोनाव्हिर औषधात 1998 साली कमी विरघळणारा नवा स्फटिकप्रकार निघाला आणि कॅप्सूल बाजारातून काढावी लागली. म्हणून योग्य प्रकारचा बीजकण योग्य S ला देणं हे तिथे स्वतंत्र कौशल्य आहे. मात्र त्या विभागात केमिकल इंजिनिअर बरेच असतात; एम.एस्सी. करणार असशील तर भौतिक रसायनशास्त्र घे आणि प्रकल्प स्फटिकीकरणावरच कर. सेंद्रिय रसायनशास्त्र घेतलंस तर बहुधा संश्लेषणाच्या विभागात जाशील.

शुगर टेक्नॉलॉजीसाठी पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था आहे. दोन्हींची प्रवेशाची अट त्यांच्या चालू माहितीपत्रकात बघ. हंगामात पाळ्यांचं काम असतं, रात्रपाळीही. ती मान्य असेल तर माझं मत शुगर टेक्नॉलॉजीच्या बाजूने आहे, कारण पॅन वाचता येणारा माणूस तुझ्या घरातच आहे आणि तुला सिद्धांत येतो.

अर्ज भरण्याआधी या हंगामात कारखान्याची परवानगी काढून बाबांबरोबर एक ग्रेन पूर्ण बघ. स्लरी देतानाचं तापमान, व्हॅक्यूम आणि ब्रिक्स लिहून घे. दर पंधरा मिनिटांनी एक स्लाइड घेऊन तिथल्याच प्रयोगशाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढ. आकार एकसारखे वाढत गेले तर ग्रेन नीट बसला. मध्येच बारीक दाण्यांचा दुसरा गट दिसला, तर त्या वेळच्या नोंदीत तापमान किंवा व्हॅक्यूम हललंय का ते तपास, आणि बाबांनी त्या क्षणी नेमकं काय केलं ते विचार.